गिरणी बंद राहणार आहे, पण कधीपासून?

गणपती जवळ आले की मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी दुकानांच्या शटरवर एकच मजकूर दिसू लागतो : ‘गणपतीनिमित्त दुकान बंद राहील.’ दुकानदार कोकणातला असतो आणि गणपतीला गावी जाणार हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक असतं. त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. तक्रार होते ती बंद शटरसमोर रिकाम्या हाताने उभं राहावं लागतं तेव्हा. ते टाळायचं तर पाटीवर काय लिहायचं आणि ती कधी लावायची, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. पिठाच्या गिरणीचं उदाहरण घेऊन तो पाहू, कारण गिरणीत गिऱ्हाइकाची वस्तू दुकानदाराच्या ताब्यात असते आणि पाटी चुकली तर डबाच आत अडकतो.

समजा, डोंबिवलीतल्या एका वस्तीत एकट्या माणसाची गिरणी आहे. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती आणि गौरी विसर्जन २ सप्टेंबरला, मंगळवारी. गिरणीवाला सोमवारी २५ तारखेला रात्री गावाला निघणार आणि ३ सप्टेंबरला परतणार. म्हणजे ४ तारखेला गिरणी सुरू, असं वरवर वाटतं. पण बंदच्या दिवसांतच दगडाला टाकी लावून घेण्याची संधी असते. झिजलेला दगड पीठ जाडसर काढतो आणि जास्त तापवतो. टाकी लावल्यावर दगडाची बारीक कच सुटते, म्हणून आधी थोडं धान्य दळून ते पीठ टाकून द्यावं लागतं. हे काम ४ तारखेला केलं, तर गिऱ्हाइकाचं दळण ५ सप्टेंबरला, शुक्रवारी सुरू होतं. पाटीवर लिहायची तारीख ही. घरी परतण्याची तारीख लिहून उपयोग नाही.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहू. गिरणी २६ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर, म्हणजे १० दिवस बंद. चार माणसांच्या घरात रोज साधारण अर्धा किलो कणीक लागते, तेव्हा १० दिवसांना पाच किलो हवी. पाहुणे येणार असतील तर सात-आठ किलो. गव्हाचं पीठ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात तेवढे दिवस सहज राहतं. बाजरीचं तसं नाही. बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्याने पीठ लवकर कडू पडतं, त्यातून ऑगस्टची दमट हवा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. म्हणून भाकरी खाणाऱ्या घराने गव्हाचं दळण भरपूर आणि ज्वारी-बाजरीचं बेताचंच करून ठेवावं. हा विचार करायला त्या घराला वेळ मिळाला पाहिजे आणि तो वेळ पाटी देते.

सर्वांत अडचणीची गोष्ट मोदकाच्या पिठाची. त्यासाठी तांदूळ धुऊन, निथळून, सावलीत पंचावर पसरून वाळवावे लागतात. पावसाळी हवेत त्याला दोन दिवसही लागतात. ओलसर तांदूळ गिरणीत घातले तर पीठ दगडाला चिकटतं, म्हणून गिरणीवाला ते परत पाठवतो. शिवाय मोदकाचं पीठ गव्हावर दळलं की त्यात कणीक मिसळते आणि उकड बिघडते. ‘तांदळावरच दळा’ असं बायका बजावून सांगतात ते यासाठी. म्हणजे तांदळाची दळणं साठवून एकामागोमाग एक काढावी लागतात. ती रविवारी काढायची, तर तांदूळ शनिवारी २३ तारखेपर्यंत गिरणीत आले पाहिजेत. त्यासाठी ते गुरुवारी २१ तारखेला धुतले गेले पाहिजेत. शुक्रवारी २२ तारखेला लावलेली पाटी या घरासाठी उशिराची ठरते.

पाटी किती दिवस आधी लावायची, याचं उत्तर गिऱ्हाईक किती दिवसांनी दुकानात येतं यावर अवलंबून आहे. दूध-पाववाल्याकडे माणसं रोज येतात, त्याला चार दिवस आधीची सूचना पुरते. गिरणीत डबा आठ ते पंधरा दिवसांनी येतो. त्यामुळे पाटी दळण घेण्याची शेवटची तारीख धरून किमान पंधरा दिवस झळकली, तरच प्रत्येक नेहमीच्या घरातलं कुणीतरी ती एकदा वाचेल. आपल्या उदाहरणात शेवटची तारीख २३ ऑगस्ट, म्हणून पाटी ९ ऑगस्टला, राखी पौर्णिमेला लागली पाहिजे. शिंप्याकडे गिऱ्हाईक महिन्या-दोन महिन्यांनी जातं, म्हणून त्याला आणखी आधी सांगावं लागतं.

या हिशेबातून पाटीवर तीन तारखा येतात : दळण घेण्याची शेवटची, डबा परत नेण्याची शेवटची आणि पुन्हा सुरू होण्याची. मजकूर असा होईल :

‘गणपतीनिमित्त गिरणी मंगळवार २६ ऑगस्ट ते गुरुवार ४ सप्टेंबर बंद राहील. दळण शनिवार २३ ऑगस्ट, रात्री ८ पर्यंत घेतलं जाईल. मोदकाचे तांदूळ पूर्ण वाळवून आणावेत. सर्व डबे सोमवार २५ ऑगस्ट, संध्याकाळी ६ पर्यंत घेऊन जावेत. शुक्रवार ५ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता गिरणी सुरू होईल.’

यात तारखेबरोबर वारही लिहिला आहे, कारण घरातली कामं बहुतेक जण वारावर लक्षात ठेवतात. ‘५ तारखेपर्यंत बंद’ असं मोघम लिहिलं की पाचला गिरणी उघडी का बंद, यावर दोन मतं होतात. सुरू होण्याचा दिवस स्वतंत्र वाक्यात दिला की तो घोळ उरत नाही. शनिवारी दळण घेणं थांबवून रविवार-सोमवार मोकळे ठेवले आहेत, ते साठलेल्या डब्यांसाठी आणि वीज गेली तर हाताशी वेळ असावा म्हणून. ही दोन दिवसांची सूट ठेवली नाही, तर शेवटच्या संध्याकाळी न दळलेले डबे कुलपाच्या आत राहतात.

पाटी दोन ठिकाणी हवी. बंदच्या आधी शटर वर गेलेलं असतं, त्यावरचा कागद कुणाला दिसत नाही. म्हणून एक पाटी वजनकाट्याजवळ, डबा ठेवताना नजर जाईल अशी, आणि दुसरी बंद झाल्यावर शटरवर. दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून लावावी, नाहीतर पहिल्याच सरीत शाई ओघळते. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस २४ तासांत जातं आणि ब्रॉडकास्टचा संदेश ज्यांनी दुकानाचा नंबर जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबता येत नाही. दुकानामागेच राहणं असेल तर शटरवरच्या पाटीत ‘सहकुटुंब गावी’ असं लिहू नये. घर रिकामं असल्याची खबर रस्त्यावरच्या प्रत्येकाला देण्याची गरज नाही. ‘गणपतीनिमित्त बंद’ एवढं पुरतं.

दुकानदाराने एवढं केलं की पुढचं काम आपलं. पाटी वाचली त्याच आठवड्यात डबा पाठवा, झाकणावर नाव आणि दळणाचा प्रकार लिहा आणि शेवटच्या दोन दिवसांची गर्दी ज्यांचे तांदूळ उशिरा वाळले त्यांच्यासाठी सोडा.