तीन गावं, एक केंद्र आणि शंकू

एका सरळ रस्त्यावर ६ किलोमीटर अंतराने दोन गावं आहेत. त्यांच्या बरोबर मधून रस्त्याला काटकोनात १२ किलोमीटर गेलं की तिसरं गाव लागतं. एका केंद्रापासून तिन्ही गावांना थेट केबल टाकायची आहे. कमीत कमी केबल लागावी, तर केंद्र कुठे हवं? असंच तीन बिंदूंचं कोडं सतराव्या शतकात फर्माने तोरिचेल्लीला घातलं होतं.

रेषीय प्रोग्रॅमिंगला तिरकं अंतर मांडताच येत नाही, कारण त्यात वर्गमूळ येतं. ते आडवं आणि उभं अंतर वेगवेगळं मोजून बेरीज करतं आणि केंद्र रस्त्यावरच, दोन गावांच्या मधोमध ठेवतं. केबल लागते ३ + ३ + १२, म्हणजे १८ किलोमीटर. वर्गीय प्रोग्रॅमिंग अंतरांच्या वर्गांची बेरीज कमी करतं. वर्ग केल्यावर लांबचं गाव नको तितकं जड होतं, म्हणून केंद्र त्याच्याकडे ४ किलोमीटर सरकतं. केबल ५ + ५ + ८, पुन्हा १८! दोघांनीही आपल्याला सोयीचा प्रश्न सोडवला, विचारलेला नाही.

सेकंड-ऑर्डर कोन प्रोग्रॅमिंगमध्ये प्रत्येक गावासाठी t ही एक जादा संख्या घेतात आणि ‘अंतर t पेक्षा जास्त नको’ अशी अट घालतात. मग तिन्ही t ची बेरीज कमीत कमी करायची. जमिनीवरची जागा आणि t ही उंची असं चित्र काढलं, तर ही अट पाळणारे सगळे बिंदू मिळून आइस्क्रीमच्या कोनासारखा, टोकावर उभा भरीव शंकू होतो. तीन शंकूंच्या सामाईक भागातून उत्तर मिळतं: केंद्र रस्त्यापासून सुमारे १.७३ किलोमीटरवर, केबल सुमारे १७.२. तिथून निघणाऱ्या तिन्ही केबलींमध्ये १२० अंशांचे कोन पडतात. उत्तर तपासायची ही सोपी खूण.

जुने दोन्ही प्रकार याच्या पोटात मावतात. शंकूच्या अटीत डाव्या बाजूला अंतर म्हणजे वर्गमूळ असतं, उजवीकडे रेषीय राशी. डावी बाजू शून्य केली की साधी रेषीय अट उरते. वर्गासाठी मात्र थोडी युक्ती लागते. x² ≤ t ही अट अशी लिहायची:

√((2x)² + (t − 1)²) ≤ t + 1

दोन्ही बाजूंचे वर्ग करून पाहा, 4x² ≤ 4t एवढंच शिल्लक राहतं. म्हणजे बहिर्वक्र वर्गीय प्रश्नही शंकूचाच प्रश्न ठरतो.

अर्थात शंकूला गोल पाठ असते. रेषीय प्रश्नात कोपऱ्या-कोपऱ्याने उत्तराकडे जाणारी सिम्प्लेक्स पद्धत इथे तशीच चालत नाही. आतल्या भागातून वाट काढणाऱ्या पद्धती वापरतात. आकडे पूर्णांकी असूनही उत्तरात √३ आलं, म्हणून संगणक ते हवं तितकं जवळचं देतो, तंतोतंत नाही. आणि अट उलटवता येत नाही. ‘केंद्र कचरा डेपोपासून निदान २ किलोमीटर लांब हवं’ म्हटलं की परवानगी असलेल्या जागेत मधोमध भोक पडतं, ती बहिर्वक्र राहत नाही, आणि असा प्रश्न या पद्धतीच्या कक्षेबाहेर जातो.