गॅमा २.२ की २.४?

फोटो ज्या मॉनिटरवर छान दिसतात, त्यावर केलेलं व्हिडिओचं ग्रेडिंग टीव्हीवर काळपट का दिसतं? बऱ्याचदा कारण असतं गॅमा. आलेल्या सिग्नलचं पडद्याने किती उजेडात रूपांतर करायचं, हे तो आकडा ठरवतो. पांढरा रंग १०० निट्सचा धरला, तर २० टक्के सिग्नलला २.२ गॅमावर साधारण २.९ निट्स उजेड मिळतो, २.४ वर फक्त २.१. पांढरा तोच राहतो. फरक पडतो तो सावल्यांत. काळ्या केसांतले बारकावे आधी बुडतात.

मग कोणता निवडायचा? प्रेक्षक कुठे बसून पाहणार, त्यावरून. मंद उजेडात डोळ्यांना चित्राचा कॉन्ट्रास्ट कमी भासतो, म्हणून टीव्हीसाठी अंधुक खोलीत २.४ वर काम करतात. २०११ च्या BT.1886 मानकाचा पायाही तोच आहे. उजेडात, फोन-लॅपटॉपवर पाहण्याच्या व्हिडिओसाठी बरेच जण २.२ घेतात. मात्र ग्रेडिंगच्या खोलीतला उजेडही त्याला साजेसा हवा.

फोटोचं गणित वेगळं. फोटोचं सॉफ्टवेअर मॉनिटरची प्रोफाइल वाचून रंग स्वतःच जुळवून घेतं, त्यामुळे मॉनिटरचा गॅमा थोडा वेगळा असला तरी निभावतं. ग्रेडिंगमध्ये सिग्नल सहसा वेगळ्या आउटपुट कार्डातून, संगणकाच्या रंगव्यवस्थेला वगळून थेट मॉनिटरकडे जातो. तिथे चूक सावरणारं कुणी नसतं. मॉनिटरच अचूक कॅलिब्रेट केलेला लागतो.