‘सर्वांसाठी योग’ म्हणजे नेमका कोणासाठी? नवशिक्यांच्या वर्गाबद्दलचे गैरसमज

नाशिकमध्ये योगवर्गांची वानवा नाही. गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, पंचवटी, कुठल्याही भागात चौकशी केली की दोन-चार वर्ग सहज सापडतात. वानवा आहे ती वर्गाविषयी नीट सांगणाऱ्या ओळीची. ‘योगवर्ग, सकाळी ६ ते ७, सर्वांसाठी, ऑनलाइनही उपलब्ध’ एवढ्यावर बहुतेकांची ओळख संपते. ही ओळ गुडघे दुखणाऱ्या साठीच्या आजीबाई वाचतात, सातपूरच्या कारखान्यात पाळीने काम करणारा कामगार वाचतो, दिवसभर संगणकासमोर बसणारी तरुणी वाचते आणि रक्तदाबाची गोळी घेणारे गृहस्थही वाचतात. त्यातल्या एकालाही आपल्याला तिथे काय करायला लावणार आहेत, हे कळत नाही. शैली, स्तर, वेळ आणि पद्धत म्हणजे प्रत्यक्ष की ऑनलाइन, या चार गोष्टींवरून नवशिक्याच्या शरीराकडून काय करून घेतले जाईल हे ठरते. म्हणून त्या वर्गाच्या नावातच असायला हव्यात. त्या गाळल्या जातात, कारण प्रत्येकीमागे एकेक गैरसमज बसलेला आहे.

पहिला गैरसमज म्हणजे ‘योग तो योग, शैली कोणतीही असली तरी काय फरक पडतो?’ फरक केवढा पडतो ते एका गुरूच्या दोन शिष्यांवरून दिसते. म्हैसूरच्या राजवाड्यात तिरुमलै कृष्णमाचार्य १९३०च्या दशकात योगशाळा चालवत होते. बी. के. एस. अय्यंगार आणि पट्टाभि जोईस हे दोघेही त्यांच्याकडेच शिकले. जोईसांनी पुढे रुजवलेल्या अष्टांग विन्यासात आसनांचा क्रम ठरलेला असतो, एका आसनातून दुसऱ्यात श्वासाच्या तालावर आणि अनेकदा उडी घेऊन जायचे असते. अय्यंगार १९३७मध्ये पुण्याला आले आणि त्यांनी आसनात दीर्घकाळ थांबण्यावर आणि सांध्यांच्या अचूक मांडणीवर भर दिला. ज्यांचे हात जमिनीला टेकत नाहीत त्यांच्यासाठी लाकडी विटा, पट्टे, लोड आणि खुर्च्या वापरल्या. गुरू एकच, पण ज्याच्या मनगटात जोर नाही अशा पन्नाशीच्या माणसाला पहिल्याच आठवड्यात पहिल्या वर्गात सोडले तर तो दुखावला जाण्याची शक्यता दुसऱ्या वर्गापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय आपल्याकडे ‘योग’ या नावाखाली तासभर वेगाने सूर्यनमस्कारही चालतात आणि तासभर कपालभातीही चालते. हर्निया, गर्भारपण, अनियंत्रित रक्तदाब किंवा पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर कपालभाती टाळायची असते. ‘योगवर्ग’ या एका शब्दातून यातले काहीच समजत नाही.

दुसरा गैरसमज स्तराबद्दलचा. ‘प्रारंभिक’ म्हणजे वयस्कांसाठी किंवा ज्यांचे शरीर वाकत नाही त्यांच्यासाठी, असे सर्रास मानले जाते. त्यामुळे लवचिक शरीराची वीस वर्षांची मुलगी पहिल्याच दिवशी पुढच्या वर्गात बसते. लवचिकता म्हणजे तयारी नव्हे. सांधे मुळात सैल असतील तर शरीर सहज टोकापर्यंत जाते, पण तिथे त्याला धरून ठेवणारे स्नायू घडलेले नसतात. अशा वेळी ताण अस्थिबंधांवर पडतो आणि दुखणे लगेच जाणवत नाही. उलट ज्याचे शरीर ताठ आहे त्याला ते ताठपणच वेळेवर थांबवते. स्तर खरे तर शिकवण्याचा असतो. प्रारंभिक वर्गात शिक्षक आसनात जायचे कसे आणि बाहेर यायचे कसे, हे दोन्ही तोडून तोडून दाखवतात. साधे त्रिकोणासन घेतले तरी पायांतले अंतर किती, पुढचे पाऊल कुठे वळवायचे, गुडघा मागे ढकलला जात नाही ना, हात नडगीवर टेकला तरी चालतो, हे सगळे सांगितले जाते. पुढच्या स्तरावर फक्त आसनाचे नाव घेतले जाते आणि बाकी माहीत असल्याचे गृहीत धरले जाते. प्रारंभिक वर्गात श्वास रोखून धरणारे कुंभक नसते, शीर्षासन नसते. ही यादी वर्गाच्या वर्णनात असली, की आपण कुठे बसायचे हे विद्यार्थी स्वतःच ठरवू शकतो. नाशिकलाच याचा चांगला नमुना आहे. विश्वास मंडलिक यांनी उभारलेल्या योग विद्या धामने अभ्यास टप्प्याटप्प्याने ठेवला आणि पहिल्या टप्प्याला वेगळे नाव दिले. मंडलिकांना २०१८मध्ये योगाच्या प्रसारासाठीचा पंतप्रधान पुरस्कार मिळाला. त्यामागचे काम अनेक वर्षांचे आहे, पण सामान्य माणसाला शिकवायचे तर पायऱ्यांना नावे हवीत, हा त्यातला घेण्यासारखा भाग आहे.

यावर जाणकार आक्षेप घेतील, की पूर्वी गुरू अशी लेबले लावत नव्हते, शिष्याकडे पाहून काय द्यायचे ते ठरवत होते. हे खरेच आहे. कृष्णमाचार्यही म्हैसूरच्या शाळेतल्या पोरांना उड्या मारायला लावत आणि आजारी माणसाला अगदी वेगळे काही देत. पण ती पद्धत चालते ती समोर एक किंवा मोजके शिष्य असतात तेव्हा. सभागृहात तीस सतरंज्या पडलेल्या असताना शिक्षकाला प्रत्येकाची पाठ वाचता येत नाही. एकेकाला पाहून जे ठरायचे, त्यातले निम्मे तरी आधीच लिहून ठेवावे लागते. एकट्याने वर्ग चालवणाऱ्या शिक्षकाची अडचणही खरी आहे: त्याला दोन वेगळे वर्ग परवडत नाहीत. मग त्याने ‘मिश्र वर्ग, नव्यांना पहिले पंधरा दिवस स्वतंत्र मार्गदर्शन’ असे लिहावे आणि तसे वागावे. यातही ‘सर्वांसाठी’ म्हणण्यापेक्षा जास्त प्रामाणिकपणा आहे.

तिसरा गैरसमज वेळेचा, आणि तो सर्वांत चिवट आहे: योग पहाटेच करायचा, संध्याकाळी केलेला फुकट. पहाटेचे फायदे आहेतच. पोट रिकामे असते, घर शांत असते, दिवसाची कामे आडवी येत नाहीत. पण शरीराची बाजूही ऐकली पाहिजे. शरीराचे तापमान पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि दुपारनंतर चढते, म्हणून बहुतेकांचे स्नायू संध्याकाळी जास्त सैल असतात. शिवाय रात्रभर आडवे असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात पुढे वाकले तर त्यांच्यावर जास्त ताण येतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो, शेजारच्या निफाडला तर राज्यातल्या सर्वांत कमी तापमानांची नोंद होते. अशा गारठ्यात सहाच्या वर्गाची सुरुवात पादहस्तासनाने केली आणि पाठीत चमक भरली, तर दोष योगाचा नाही, क्रमाचा आहे. सकाळच्या वर्गात पहिली दहा-पंधरा मिनिटे सांधे मोकळे करणाऱ्या सौम्य हालचालींना द्यावी लागतात, खोल वाकणे शेवटाकडे ठेवावे लागते. संध्याकाळच्या वर्गाची अट वेगळी असते: जेवणानंतर तीन-चार तास आणि हलक्या खाण्यानंतर दीड-दोन तास मध्ये जायला हवेत. म्हणून वर्णनात ‘सायंकाळी ६.३०’ एवढेच लिहिणे अर्धवट ठरते, त्यासोबत ‘तीननंतर काही जड खाऊ नये’ हेही हवे. आणि सातपूर-अंबडमधल्या पाळीवाल्या कामगाराला रोज एकच वेळ जमणार नाही. एका आठवड्यात सकाळी आणि दुसऱ्यात संध्याकाळी आले तर चालेल का, याचे उत्तर त्याला तिथेच मिळाले नाही, तर तो येतच नाही.

चौथ्या गैरसमजाला दोन तोंडे आहेत. काही म्हणतात ऑनलाइन योग हा योगच नव्हे, आणि काही म्हणतात दोन्हींत काही फरक नाही. ‘ऑनलाइन’ या एका शब्दात तीन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: शिक्षक तुम्हाला पाहतात असा थेट वर्ग, शिक्षक दिसतात पण तुम्ही त्यांना दिसत नाही असा थेट वर्ग, आणि आधी चित्रित केलेला वर्ग. नवशिक्याला पहिलाच उपयोगी पडतो, आणि तोही मर्यादेत. कॅमेरा चटईच्या बाजूला, साधारण आठ फुटांवर, कमरेच्या उंचीला ठेवला तर वीरभद्रासनात गुडघा घोट्याच्या पुढे जातो का, भुजंगासनात खांदे कानाकडे चढतात का, हे शिक्षकाला दिसते. फोन जमिनीवर टेकवला तर यातले काहीच दिसत नाही. दिसले तरी हात लावून खांदा खाली आणता येत नाही, आणि श्वास अडकलाय हे पडद्यावर क्वचितच कळते. उलट जवळपास वर्ग नसलेल्या गावातल्या बाईसाठी किंवा लहान मूल घरी असलेल्या आईसाठी ऑनलाइन हाच पर्याय असतो, त्याला कमी लेखणे अन्यायाचे आहे. पाठ, मान, गुडघा यांची तक्रार असेल तर पहिले तीन-चार आठवडे प्रत्यक्ष वर्गात घालवून मग ऑनलाइन यावे, हा मला सर्वांत शहाणा क्रम वाटतो.

आता ती पहिली ओळ पुन्हा लिहून पाहू. नाव: ‘हठयोग, प्रारंभिक वर्ग, सोम ते शुक्र, सायं. ६.३० ते ७.३०, गंगापूर रोड, प्रत्यक्ष आणि थेट ऑनलाइन.’ त्याखाली वर्णन: ‘पूर्वी कधीही योग न केलेल्यांसाठी. पहिली दहा मिनिटे सांधे मोकळे करणे, पस्तीस मिनिटे उभी, बैठी आणि झोपून करायची आसने सावकाश, पाच मिनिटे साधा दीर्घ श्वास, दहा मिनिटे शवासन. कुंभक आणि शीर्षासन नाही. जमिनीवर बसता येत नसेल तर खुर्ची मिळेल. एका वर्गात जास्तीत जास्त पंधरा जण. ऑनलाइन येणाऱ्यांचा कॅमेरा चालू असावा. रक्तदाब, हर्निया, गर्भारपण, मणक्याचा आजार असल्यास प्रवेशाआधी सांगावे.’ सगळे मिळून शंभर शब्दही होत नाहीत. एवढे लिहिले तर लोक बिचकतील, असे काही शिक्षकांना वाटते. बिचकणार ते ज्यांच्यासाठी तो वर्ग नाहीच, आणि त्यांनी दुसऱ्या महिन्यात दुखणे घेऊन सोडून जाण्यापेक्षा आधीच दुसरीकडे जाणे दोघांच्याही भल्याचे आहे. आजवर घाबरून न आलेला ताठ शरीराचा माणूस मात्र ‘खुर्ची मिळेल’ हे दोन शब्दांचे वाक्य वाचून हमखास येतो, असे म्हणता येणार नाही, पण त्याच्या न येण्याचे एक कारण तरी कमी होते.

शिक्षकाच्या पात्रतेचीही एक ओळ असावी. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा दिलेली असेल तर कोणत्या पातळीची, हे लिहावे, कारण सामूहिक योगक्रम घेणारा प्रशिक्षक आणि योगशिक्षक यांच्या परीक्षा तिथे वेगळ्या आहेत. फी भरण्याआधी शैली, स्तर, वेळ आणि पद्धत या चारही गोष्टी विचारा, आणि ‘सगळ्यांना सगळं चालतं’ असे उत्तर मिळाले तर दुसरा वर्ग शोधा.