तिकडे सकाळचे आठ, इकडे रात्रीचे साडेनऊ

नोव्हेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत एक प्रकार हमखास घडतो. मार्चपासून दर बुधवारी रात्री साडेआठला होणारी मीटिंग कॅलेंडरवर एकदम साडेनऊला दिसायला लागते. कुणी बदलली म्हणून चौकशी केली, तर कुणीच बदललेली नसते. कॅलिफोर्नियातल्या ज्या मॅनेजरने ती लावली, त्याच्याकडे ती आजही सकाळी आठलाच आहे. त्याच्या लेखी काहीच हललेलं नाही, त्यामुळे पुण्यातल्या पाच-सहा जणांची जेवणं तासभर पुढे गेली हे त्याला कळायचं काही कारणच नाही.

घड्याळ हललं ते त्याच्या देशाचं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. ब्रिटन आणि युरोपही हेच करतात, पण मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आपण काहीच करत नाही. म्हणून पुणे आणि कॅलिफोर्निया यांच्यातलं अंतर उन्हाळ्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा तास असतं, तर पुणे आणि लंडनमधलं साडेचार आणि साडेपाच. त्यातला अर्धा तास आपला. परदेशी सहकारी हिशेब करताना तो बऱ्याचदा गाळतात आणि अर्धा तास आधी नाहीतर उशिरा येऊन बसतात.

दर आठवड्याची मीटिंग लावताना कॅलेंडर ती एका गावाच्या घड्याळाला बांधतं. पडद्यावर त्या जागी America/Los_Angeles किंवा Asia/Kolkata असं काहीतरी दिसतं आणि फार थोडे लोक तिकडे बघतात. पण वर्षभराचा त्रास कोणाच्या वाट्याला जायचा, ते तिथेच ठरतं. मीटिंग ज्या घड्याळाला बांधली ते गाव निवांत, बाकीची गावं वर्षातून दोनदा हलणार.

तीन गावांचं एक उदाहरण घेऊन २०२६चा हिशेब मांडतो. काम करणारी टीम पुण्यात, मॅनेजर सॅन होजेला, ग्राहकाचा माणूस लंडनला. मीटिंग बुधवारची, सॅन होजेच्या सकाळी आठला बांधलेली. जुलैमध्ये त्याच क्षणी लंडनला दुपारचे चार आणि पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजतात. तिघांनाही चालण्यासारखं आहे. २५ ऑक्टोबरला लंडनचं घड्याळ मागे येतं, अमेरिकेचं अजून आलेलं नसतं. त्यामुळे २८ तारखेच्या बुधवारी लंडनच्या माणसाकडे मीटिंग तीनला येते, आणि तो नेहमीसारखा चारला आला तर त्याला कुणीच भेटत नाही. १ नोव्हेंबरला अमेरिका घड्याळ मागे घेते. ४ तारखेला लंडन पुन्हा चारवर येतं आणि पुण्यात साडेनऊ वाजतात. मार्चमध्ये हा मधला गोंधळ आणखी लांबतो. अमेरिका ८ मार्चला बदलली आणि युरोप २९ मार्चला, म्हणजे तीन आठवडे सगळ्यांचे पाठ केलेले हिशेब चुकीचे. परदेशी मीटिंगा लावणाऱ्याने दुसरं काही नाही तरी हे दोन पट्टे कॅलेंडरवर रंगवून ठेवावेत आणि ते लागण्याआधी आठवडाभर सगळ्यांना एक ओळ पाठवावी.

रात्रीचे साडेनऊ ही महाराष्ट्रात नुसती जेवणाची वेळ नाही. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्री कर्मचाऱ्यांच्या कामासाठी सकाळी सात ते रात्री साडेनऊ अशी मर्यादा घातली. त्यापुढे काम करायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची. आता तासाभराची जी मीटिंग उन्हाळ्यात बरोबर साडेनऊला संपत होती, ती नोव्हेंबरात बरोबर साडेनऊला सुरू होते. सॅन होजेच्या मॅनेजरला हे ठाऊक असण्याची शक्यता शून्य. सांगायचं आपणच.

आणि आपण सांगत नाही. तिकडून विचारणा आली की इकडचं उत्तर ठरलेलं: ‘एनी टाइम इज फाइन.’ त्यात नम्रता असते, थोडी भीतीही असते. पण वेळ ठरवणाऱ्याला या उत्तराचा काडीचा उपयोग नाही. तो मग स्वतःला सोयीची वेळ टाकतो, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण अडचण आहे असं कुणी म्हटलेलंच नसतं. सहा महिन्यांनी त्याच मीटिंगबद्दल चहाच्या टपरीवर कुरकुर सुरू असते. त्यापेक्षा पहिल्याच मेलमध्ये लिहावं की ‘साडेआठपर्यंत आम्हाला सहज जमतं, नऊपर्यंत सांगितलंत तर जमवतो, त्यानंतर फक्त तातडीचं असेल तर.’ सोयीची, ओढूनताणून जमणारी आणि न जमणारी अशा तीन पायऱ्या समोर आल्या की तिकडच्या माणसालाही आपल्या तीन पायऱ्या सांगाव्याशा वाटतात. सकाळी साडेसातला त्याच्या घरी मुलांना शाळेत सोडायची धावपळ असते, ही गोष्ट आपल्यालाही तोवर ठाऊक नसते.

पुणे आणि सॅन होजे यांचे नऊ ते सहा हे तास एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. पुण्यात सकाळी ऑफिस उघडतं तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची रात्र पडलेली असते. म्हणून दोघांना भेटायला दोनच कडा उरतात: पुण्याची रात्र म्हणजे त्यांची सकाळ, किंवा पुण्याची सकाळ म्हणजे त्यांची आदली संध्याकाळ. गंमत अशी की या दोन कडा ऋतूप्रमाणे उलट वागतात. हिवाळ्यात रात्रीची कड पुण्याला जड होते, पण सकाळची हलकी होते. सॅन होजेचे संध्याकाळचे सात म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात सकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. साडेआठला पुण्यातला माणूस आंघोळ, चहा आटोपून बसू शकतो. तेव्हा नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत काही मीटिंगा या कडेला नेणं शहाणपणाचं. फक्त सोमवार टाळायचा. आपली सोमवारची सकाळ म्हणजे तिकडची रविवारची संध्याकाळ. तसंच त्यांना ‘शुक्रवारी संध्याकाळी बोलू’ असं सुचवू देऊ नये, कारण ती आपली शनिवारची सकाळ आहे.

या कडेची अडचण लंडनची. पुण्यातल्या साडेआठला तिथे पहाटेचे तीन. तेव्हा तिघांची मीटिंग म्हटली की रात्रीची कडच धरावी लागते आणि पुणं अडकतं. इथे वेळ शोधत बसण्याऐवजी कोण कशासाठी येतं ते पाहावं. आपल्या उदाहरणात लंडनचा माणूस पन्नास मिनिटं ऐकतो आणि दहा मिनिटं बोलतो, तीही पुण्याशी. मग त्याच्याशी पुण्याने वेगळं बोलावं. हिवाळ्यात पुण्यातले दुपारचे अडीच म्हणजे त्याचे सकाळचे नऊ, कोणालाच खर्च नाही. सॅन होजेबरोबरच्या मीटिंगा आलटून पालटून ठेवाव्यात, एका आठवड्यात पुण्याने रात्री थांबायचं, पुढच्या आठवड्यात सॅन होजेने संध्याकाळ द्यायची. तिघांची एकत्र मीटिंग महिन्यातून एकदा, अर्ध्या तासाची, पुण्यात रात्री नऊ, लंडनला दुपारी साडेतीन, सॅन होजेला सकाळी साडेसात. ती साडेनऊला संपते. सॅन होजेने अर्धा तास लवकर उठायचं, पुण्याने अर्धा तास उशिरा थांबायचं. लंडनला फुकटात मिळालं हे खरं आहे, पण रेखांशाचं काय करणार.

आता प्रस्तावाचा मेल. ‘तुम्हाला कधी जमेल?’ हे वाक्य ऐकायला अदबीचं वाटतं, पण त्याने सगळी आकडेमोड समोरच्याच्या गळ्यात पडते. ती आपण करावी. दोन किंवा तीन पर्याय द्यावेत, प्रत्येकासमोर वार, तारीख आणि प्रत्येक गावाची वेळ पूर्ण लिहावी, आणि कोणाला काय सोसावं लागतंय ते उघड म्हणावं. मजकूर साधारण असा: ‘पर्याय एक, बुधवार १८ नोव्हेंबर: सॅन होजे सकाळी ७:३०, पुणे रात्री ९. पर्याय दोन: सॅन होजे बुधवार १८ नोव्हेंबर संध्याकाळी ७, पुणे गुरुवार १९ नोव्हेंबर सकाळी ८:३०. पहिल्यात आम्ही उशिरा थांबतो, दुसऱ्यात तुमच्या जेवणाच्या वेळेवर अतिक्रमण होतं. मागच्या दोन्ही वेळा तुम्ही संध्याकाळ दिलीत, म्हणून आम्ही पहिला सुचवतोय. दोन्ही गैरसोयीचे असतील तर प्रश्न लिहून पाठवतो, मीटिंगची गरज नाही.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. नाही म्हणायची सोय ठेवली नाही तर हो ला अर्थ राहत नाही.

महिन्याचं नाव अक्षरांत लिहावं, कारण ४/११ ही आपली चार नोव्हेंबर आणि अमेरिकेची अकरा एप्रिल असते. आयएसटीसारखी आद्याक्षरं टाळून गावाचं नाव लिहावं, कारण आयर्लंड आणि इस्रायलचे लोकही आपापल्या वेळेला आयएसटीच म्हणतात. शुक्रवारी रात्री साडेबारा ही वेळ तर कधीच लिहू नये. आपल्या डोक्यात ती शुक्रवारची रात्र असते, कॅलेंडरमध्ये शनिवार उजाडलेला असतो.

वर १८ तारीख घेतली त्यालाही कारण आहे. आधीचा बुधवार, ११ नोव्हेंबर, कॅलेंडरवर मोकळा दिसतो. पण २०२६मध्ये त्या दिवशी इकडे भाऊबीज आहे आणि तिकडे वेटरन्स डे. पुढच्या आठवड्यात २६ला अमेरिकेचं थँक्सगिव्हिंग, तेव्हा २५ला अर्धी माणसं प्रवासात असणार. कॅलेंडरला वेळ कळते, सण कळत नाहीत, अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवरून घर गाठणं काय असतं हे तर मुळीच नाही. वर्षाच्या सुरुवातीला दोन्हीकडच्या सुट्ट्या एका पानावर मांडून ठेवल्या की निम्मे घोळ टळतात.

एवढं करूनही एक गणित सुटत नाही. या तीन गावांत सिडनी मिळवलं, की संपलं. हिवाळ्यात लंडनला रात्री नऊ धरले तर सॅन होजेला दुपारचा एक आणि सिडनीला दुसऱ्या दिवशी सकाळचे आठ वाजतात, तिघांचं कसंबसं जमतं. पुण्यात तेव्हा पहाटेचे अडीच झालेले असतात. वेळ कितीही पुढे-मागे सरकवली तरी चारपैकी एका तरी गावाच्या वाट्याला रात्र किंवा पहाट येतेच. अशा ठिकाणी मीटिंग लावूच नये. निर्णय काय हवा ते एका पानावर लिहून पाठवावं, चोवीस तास द्यावेत म्हणजे प्रत्येक गावाचा एक पूर्ण दिवस त्यात येतो, आणि तो मेलही पुण्याच्या दुपारी न पाठवता सॅन होजेच्या सकाळी पोचेल असा वेळ लावून ठेवावा. पुण्यात दुपारी दोन वाजता तिकडे रात्रीचा साडेबारा-दीड असतो, आणि अनेकांचा फोन उशाशीच असतो.