पहिलं पुस्तक, पहिला करार: हक्क परत कधी येतात?

पहिल्या पुस्तकाचं करारपत्र हातात आलं की लेखकाची नजर मानधनाच्या टक्क्यावर जाते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. दहा टक्के म्हणजे बरं, साडेसात म्हणजे कमी, एवढ्यावर निर्णय होतो. पण टक्का हा कराराचा चौथा हिस्सा झाला. कोणते हक्क दिले, ते किती काळासाठी दिले आणि कोणत्या परिस्थितीत ते परत मिळतील, ही उरलेली तीन उत्तरं शोधावी लागतात, कारण ती एका जागी लिहिलेली नसतात. हक्कांचा उल्लेख दुसऱ्या कलमात असतो, मुदत अकराव्यात आणि मुदतीला दिलेली बगल शेवटच्या ‘इतर अटीं’मध्ये.

म्हणून सही करण्याआधी एक कोरा कागद घ्यावा. त्यावर हक्क, मानधन, मुदत आणि परतावा अशी चार शीर्षकं लिहावीत. मग करारपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावं आणि या चारपैकी कशालाही लागू होणारं प्रत्येक वाक्य, कलमाच्या क्रमांकासह, जसंच्या तसं त्याखाली उतरवावं. आपल्या शब्दांत सारांश लिहू नये. ‘मुदत पाच वर्षं’ असा सारांश लिहिला, की ‘आणि त्यानंतर आपोआप पुढील पाच वर्षे’ हा शेपटीचा भाग निसटतो, आणि नेमका तोच महत्त्वाचा असतो.

समजा, एका नवोदित लेखिकेच्या कथासंग्रहाचा करार समोर आहे. मराठीतल्या करारांमध्ये दिसणारी वाक्यं एकत्र करून हा नमुना घेतला आहे. त्याचं दुसरं कलम म्हणतं: ‘लेखिका सदर पुस्तकाचे मुद्रण, प्रकाशन, भाषांतर, नाट्य व चित्रपट रूपांतर, तसेच डिजिटल व ध्वनी माध्यमांतील सर्व हक्क प्रकाशकाकडे हस्तांतरित करीत आहे.’

इथे आधी क्रियापदाकडे बघायचं. ‘हस्तांतरित करीत आहे’ याचा अर्थ तो हक्क तेवढ्या काळापुरता प्रकाशकाच्या मालकीचा झाला. ‘प्रकाशित करण्याचा परवाना देत आहे’ असं असेल, तर मालकी लेखिकेकडेच राहते आणि प्रकाशकाला फक्त वापराची मुभा मिळते. परवाना ‘एकमेव’ म्हटला असेल, तर तेवढ्या काळात लेखिका स्वतःही तो हक्क दुसऱ्याला देऊ शकत नाही, पण मालकी तरीही तिचीच असते. पहिल्या पुस्तकाला मराठीत मुद्रण आणि विक्रीचा एकमेव परवाना पुरेसा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी पाहणी यादीची. प्रताधिकार म्हणजे एक अखंड वस्तू नव्हे. १९५७च्या प्रताधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमात छपाई, प्रती विक्रीला आणणं, जाहीर सादरीकरण, भाषांतर, रूपांतर, चित्रपट वा ध्वनिमुद्रण करणं असे हक्क वेगवेगळे सांगितले आहेत, आणि ते वेगवेगळे देता येतात. यादीतल्या प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा: हा प्रकाशक हे काम खरोखर करतो का? त्याच्या यादीत एकही ऑडिओबुक नसेल, तर ध्वनीचा हक्क मागण्याचं कारण त्यानं सांगावं. चित्रपटाचा हक्क घेऊन तो फक्त स्वतःजवळ ठेवणार असेल, तर उद्या एखादा दिग्दर्शक लेखिकेकडे आला तरी तिला ‘प्रकाशकाला विचारा’ एवढंच सांगता येईल.

मानधनाचं खातं लवकर उरकता येतं, पण हिशेब मात्र मांडून बघावा. नमुन्यातलं पाचवं कलम ‘निव्वळ विक्री रकमेवर १० टक्के’ म्हणतं आणि नववं कलम ‘पहिल्या २०० प्रतींवर मानधन देय नाही’ म्हणतं. ही दोन वाक्यं कागदावर शेजारी आली, की खरा आकडा दिसतो. पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये, वर्षभरात ६२० प्रती विकल्या गेल्या आणि विक्रेत्यांना सरासरी ४० टक्के सवलत दिली, असं धरू. प्रकाशकाच्या हाती एका प्रतीमागे १८० रुपये येतात, त्याचे १० टक्के म्हणजे १८. पहिल्या २०० प्रती वगळल्या, की ४२० प्रतींचे ७,५६० रुपये होतात. हेच १० टक्के छापील किमतीवर आणि पहिल्या प्रतीपासून असते, तर ६२० प्रतींचे १८,६०० झाले असते. टक्का दोन्हीकडे तोच आहे. ‘निव्वळ’ म्हणजे फक्त सवलत वजा जाता, की वाहतूक आणि जाहिरातही वजा जाता, हे करारात लिहून घ्यावं. हिशेबाचं पत्रक वर्षातून कधी येईल आणि त्यात किती प्रती छापल्या, विकल्या, शिल्लक आहेत हे असेल की नाही, तेही तिथेच. शिलकीचा आकडा पुढे हक्क परत मागताना लागतो.

छपाईचा खर्च लेखिकेकडूनच घेतला जात असेल, तर हा सगळा विचार बदलतो. जोखीम तिनं उचलली असताना तिच्याकडून सर्व हक्क मागणं मला अन्याय्य वाटतं.

आता मुदत. नमुन्यातलं अकरावं कलम सांगतं, की हा करार ‘प्रताधिकाराच्या संपूर्ण कालावधीसाठी’ आहे. भारतात साहित्यकृतीचा प्रताधिकार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे तिशीतल्या लेखिकेनं हे वाक्य मान्य केलं, तर तिची नातवंडं कदाचित म्हातारी होईपर्यंत ते हक्क प्रकाशकाकडे राहतील.

हे वाक्य करारात नसतंच तर काय झालं असतं, याचं उत्तर कायद्यात आहे, आणि ते फार थोड्या लेखकांना ठाऊक असतं. एकोणिसाव्या कलमाप्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं आणि त्यात दिलेले हक्क, मुदत, भौगोलिक मर्यादा आणि मानधन यांचा उल्लेख हवा. मुदत लिहिलेली नसेल, तर ती सहीच्या तारखेपासून पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर हक्क भारतापुरता धरला जातो. हेच नियम तीस-अ कलमाने परवान्यालाही लागू होतात. म्हणजे करार गप्प असेल, तर कायदा लेखकाच्या बाजूने बोलतो. मानधनाच्या टक्क्याबाबत मात्र अशी सोय नाही. कायदा टक्का ठरवून देत नाही, म्हणून त्या जागी करार गप्प राहिला तर लेखकाचंच नुकसान होतं.

एकोणिसाव्या कलमाचं चौथं पोटकलम तर प्रत्येक नवोदितानं वाचावं. दिलेला हक्क प्रकाशकानं एका वर्षात वापरला नाही, तर त्या हक्कापुरतं हस्तांतरण संपलं असं मानलं जातं. ‘त्या हक्कापुरतं’ हे महत्त्वाचं. पुस्तक छापलं पण भाषांतर आणि चित्रपट यांच्याबाबत वर्षभरात काहीच केलं नाही, तर छपाईचा हक्क प्रकाशकाकडे राहतो आणि बाकीचे लेखिकेकडे परत येतात. हे वर्ष पुस्तक प्रकाशित झाल्यापासून नव्हे, हस्तांतरणाच्या तारखेपासून मोजलं जातं. म्हणून सहीखालची तारीख कधीही मोकळी सोडू नये.

पण याच पोटकलमात एक अट आहे: ‘करारात वेगळं काही ठरलं नसेल तर.’ आता नमुना कराराचं सोळावं कलम पाहा, ‘इतर अटीं’खाली: ‘हक्कांचा वापर न केल्यास त्याचा या कराराच्या वैधतेवर परिणाम होणार नाही.’ वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या या ओळीनं कायद्यानं दिलेलं संरक्षण बाजूला सारलं. ही ओळ कागदावर ‘परतावा’ या शीर्षकाखाली उतरवायची, आणि प्रकाशकाशी बोलताना सगळ्यात आधी तीच काढायला सांगायची. नाहीच काढली, तर निदान ती मुद्रणाच्या हक्कापुरती मर्यादित करून घ्यायची.

याच शीर्षकाखाली चौदावं कलमही येतं: ‘पुस्तक कोणत्याही स्वरूपात विक्रीस उपलब्ध असेपर्यंत आवृत्ती संपली असे मानले जाणार नाही.’ पूर्वी गोदामातल्या प्रती संपल्या, की आवृत्ती संपली हे सगळ्यांना दिसायचं. आज ई-पुस्तक एखाद्या संकेतस्थळावर पडून राहतं आणि मागणीनुसार एक-एक प्रत छापता येते, त्यामुळे पुस्तक कागदोपत्री कधीच संपत नाही. वर्षात तीन प्रती खपल्या तरी ते ‘उपलब्ध’च असतं. म्हणून परताव्याची अट उपलब्धतेला न बांधता विक्रीच्या आकड्याला बांधावी. उदाहरणार्थ, सलग बारा महिन्यांत सर्व स्वरूपांत मिळून १०० पेक्षा कमी प्रती विकल्या गेल्या आणि लेखिकेनं लेखी कळवल्यावर सहा महिन्यांत प्रकाशकानं नवं मुद्रण काढलं नाही, तर सर्व हक्क तिच्याकडे परत येतील. आकडा पुस्तकाप्रमाणे कमी-जास्त होईल, कवितासंग्रहाला १०० हा आकडा जास्त ठरू शकतो. पण आकडा हवा, नोटिशीची मुदत हवी, आणि ‘परत येतील’ असं स्पष्ट हवं. ‘प्रकाशक विचार करील’ एवढ्यावर काहीच परत येत नाही.

अशी अट नसेल तर एकोणीस-अ कलमाचा मार्ग उरतो. प्रकाशकानं हक्काचा पुरेसा वापर केला नाही आणि त्यात लेखकाचा दोष नसेल, तर हस्तांतरण रद्द करण्याची मागणी करता येते. पण लेखक स्वतः हस्तांतरण करणारा असेल, तर अटी त्याच्यावर जाचक आहेत हे दाखवावं लागतं, आणि हस्तांतरणाला पाच वर्षं होईपर्यंत रद्द करण्याचा आदेश देता येत नाही. २०२१ पासून हे काम व्यापारी न्यायालयाकडे आहे. एका कथासंग्रहासाठी हा खर्च आणि वेळ फार थोड्यांना परवडतो, त्यामुळे करारातली दोन वाक्यं इथे न्यायालयापेक्षा जास्त उपयोगाची ठरतात.

हक्क परत येण्याची वेळ आलीच, तर कलमाचा क्रमांक लिहून स्पीड पोस्टाने पत्र पाठवावं आणि त्यात पाच गोष्टी मागाव्यात: हक्क परत केल्याची लेखी कबुली, तारखेसह, शिल्लक प्रतींचा आकडा आणि त्या विकायला ठरलेली मुदत, त्या विक्रीचं मानधन, ई-पुस्तक विक्रीतून काढल्याची खात्री, आणि भाषांतराचा किंवा अन्य कुठला परवाना प्रकाशकानं मध्यंतरी कोणाला दिला असेल, तर त्याची प्रत. परत येतो तो मजकूर. मुखपृष्ठाचं चित्र मात्र चित्रकाराचं किंवा प्रकाशकाचं असतं, आणि नव्या आवृत्तीसाठी त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.