आर्चडचेसचे मोजे वाळले का?

‘ले शोसेत द लार्शिद्युशेस सोंतेल सेश? आर्शिसेश!’ आर्चडचेसचे मोजे वाळलेत का? हो, अगदी कडकडीत वाळलेत! ‘आर्शि’ म्हणजे ‘अति’, ‘सर्वांत वरचा’. तो बाईंच्या पदवीतही आहे आणि मोज्यांच्या कोरडेपणातही, एवढीच काय ती गंमत. फ्रान्समध्ये हे वाक्य शाळकरी पोरांपासून नटांपर्यंत सगळ्यांना पाठ असते. अशा वाक्यांना तिकडे ‘व्हिरलांग’ म्हणतात. त्यांना आणखी एक नाव आहे, ‘फुर्शलांग’, आणि मला ते जास्त आवडते. बोलताना भलताच शब्द निघून गेला, की फ्रेंच माणूस जिभेला फाटा फुटला असे म्हणतो. त्यावरून आलेला हा शब्द.

मराठी माणसाला या वाक्यात अवघड काय वाटावे, असा प्रश्न पडेल. स आणि श दोन्ही आपल्या घरचे आहेत. ‘शासन’मध्ये आधी श येतो, मग स. ‘सशाला’मध्ये आधी स, मग श. दोन्ही क्रम आपण न अडखळता बोलतो. तरीही माझ्या वर्गात हे वाक्य पहिल्या दिवशी कोणालाच नीट म्हणता येत नाही, आणि बहुतेक जण नेमके एकाच जागी घसरतात.

वाक्यातले फक्त स आणि श वेगळे काढा. शोसेत: श-स. लार्शिद्युशेस: श-श-स. सोंतेल: स. सेश: स-श. आर्शिसेश: श-स-श. अर्ध्या वाक्यापर्यंत श पुढे असतो आणि स त्याच्या मागून येतो, आणि जिभेला तीच सवय लागते. मग ‘शेस’पाठोपाठ ‘सेश’ येतो, म्हणजे तोच तुकडा आरशात पाहिल्यासारखा उलटा. सवय लागलेली जीभ तिथे ‘शेस’ तरी म्हणते, नाहीतर दोन्हीकडे श लावून ‘शेश’ म्हणून मोकळी होते. अडचण आवाजाची नाही, क्रम उलटण्याची आहे. म्हणून सबंध वाक्य पन्नासदा घोकण्यापेक्षा ‘शेस-सेश, शेस-सेश’ एवढेच पाच मिनिटे म्हटलेले जास्त उपयोगी पडते.

हे म्हणताना समोर आरसा हवा. फ्रेंच श आपल्या श सारखा नाही, त्यात ओठ गोल होऊन पुढे येतात. स म्हणताना ते मागे जाऊन पसरतात. मराठी श म्हणताना आपले ओठ जवळजवळ स्वस्थ असतात, म्हणून दोन आवाजांतले अंतर कमी राहते आणि वेग वाढला की ते एकमेकांत मिसळतात. ओठ कामाला लावले की अंतर वाढते. आरशात ‘शेस’ला ओठ पुढून मागे आणि ‘सेश’ला मागून पुढे जाताना दिसले पाहिजेत. दिसत नसतील, तर कानाला ठीक वाटले तरी थांबावे.

त्याच शब्दात ‘द्यु’ लपलेला आहे. तो असा लिहिणे हा देवनागरीचा नाइलाज. खरे तर तिथे य नाहीच. जीभ ‘ई’च्या जागी ठेवायची आणि ओठ ‘ऊ’सारखे करायचे, की तो स्वर होतो. ‘शि’ म्हणताना जीभ आधीच तिथे पोचलेली असते. ती हलवू नका, फक्त ओठ गोल करा. बरोबर आले का, हे ओळखायला स्वर तीन सेकंद लांबवावा. सुरुवातीला ‘ई’ आणि शेवटी ‘ऊ’ ऐकू आला, तर य शिरला आहे. खरा स्वर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहतो.

आता लय. तबला शिकलेल्यांना ही पद्धत लगेच कळते, कारण ती ठाय आणि दुगुनाचीच आहे. वाक्यात चौदा अक्षरे आहेत, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे चौदा तुकडे. ते चार गटांत बसतात: ले शोसेत, द लार्शिद्युशेस, सोंतेल सेश, आर्शिसेश. मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा. ठायीत ठोक्याला एक अक्षर, वाक्याला चौदा सेकंद. सगळ्या अक्षरांना सारखे वजन द्या, फक्त गटाचे शेवटचे अक्षर किंचित लांबवा, कारण फ्रेंचमध्ये जोर तिथेच पडतो. याच कारणाने वाक्य शेवटाकडून बांधत यावे. आधी ‘आर्शिसेश’, मग ‘सोंतेल सेश, आर्शिसेश’, असे मागे मागे जात सुरुवात गाठायची. मग नेहमी ज्याच्यावर घसरतो तो शेवटच सर्वांत मुरलेला असतो.

सलग तीनदा निर्दोष आले, की दुगुन: ठोक्याला दोन अक्षरे, सात सेकंद. त्यानंतर थेट चौगुनीवर उडी मारू नये. दुगुनच ठेवून ठोके 72, 84, 96 असे चढवत 120 वर न्यावेत. तिथे वाक्य साडेतीन सेकंदांत होते. रोजचे फ्रेंच बोलणे याहूनही थोडे वेगवान असते. मध्ये चूक झाली तर त्याच वेगात पुन्हा प्रयत्न करायचा नाही, एक पायरी खाली यायचे. चुकलेला ‘शेश’ दहा वेळा म्हटला तर जीभ तोच शिकते.

एका विद्यार्थिनीचे उदाहरण सांगते. तिला 96 पर्यंत सगळे जमले, 108 वर दर वेळी ‘सोंतेल शेश’ निघायचे. फोनवर ध्वनिमुद्रण केले, पण तिचा कान मनातले बरोबर वाक्यच ऐकत होता. मग मी तिला कुजबुजत म्हणायला लावले. स आणि श दोन्ही अघोष, त्यामुळे कुजबुजताना ते जसेच्या तसे राहतात, आणि ज्या आवाजात ते बुडतात तो नाहीसा होतो. तिला स्वतःची चूक लगेच ऐकू आली. दोन दिवस 84 वर कुजबुजत, मग आवाजात, आणि पाचव्या दिवशी 120 ला वाक्य स्वच्छ आले.

दातांत पेन्सिल किंवा बुचाचे लाकूड धरून बोलण्याचा नाटकवाल्यांचा सराव प्रसिद्ध आहे. या वाक्यासाठी मी तो टाळते. स साठी वरचे-खालचे दात जवळ यावे लागतात. पेन्सिल तेच होऊ देत नाही.

मोजे वाळले, की शिकाऱ्याकडे जावे: ‘अं शासर साशां शासे द्वा साव्वार शासे सां सों शियें’. शिकार येणाऱ्या शिकाऱ्याला कुत्र्याशिवाय शिकार करता आली पाहिजे. इथे श-स, स-श पहिल्या दोन शब्दांतच उलटतो. पण मराठी माणसाचा खरा सापळा ‘सां सों शियें’ मध्ये आहे. हे अनुनासिक स्वर आहेत, हवा नाकातोंडातून एकदम जाते आणि जीभ कुठेही टेकत नाही. आपण मात्र ‘संसार’ किंवा ‘संशय’ म्हणतो तेव्हा अनुस्वाराच्या जागी नाकातला एक व येतो. तीच सवय इथे आली, की ‘सां’च्या शेवटी ओठ जवळ येतात आणि फ्रेंच माणसाला भलताच शब्द ऐकू येतो. ‘सां’ लांबवा आणि आरशात पाहा: स्वर संपेपर्यंत ओठ जागचे हलता कामा नयेत. कोकणी बोलणाऱ्या गोव्याच्या विद्यार्थ्यांना हे फारसे शिकवावे लागत नाही, त्यांच्या भाषेत असे स्वर रोजचेच आहेत. त्यांना मी ‘सां’ आणि ‘सों’ यांतला फरकच तेवढा घोटायला लावते. ‘सां’ला तोंड मोकळे, ‘सों’ला ओठ गोल, आणि ठायीत ठोक्याला एक.