श्वास मोजणाऱ्या सिस्टरला ‘गुड मॉर्निंग’ म्हणावं का?

बालरोग वॉर्डात सकाळची पाळी सुरू होते तेव्हा सगळ्यांची गाठ एकाच वेळी पडते. रात्रपाळीच्या सिस्टर ओव्हर देत असतात, इंटर्न रक्ताचे नमुने घेत फिरत असतात, मावशी चादरी बदलत असतात. जो येतो तो ‘गुड मॉर्निंग सिस्टर’ म्हणत येतो, आणि न म्हणणाऱ्याला आपल्याकडे लगेच ‘फार शिष्ट झालाय’ असं ऐकावं लागतं. त्याच वेळी एखादी सिस्टर आईच्या मांडीवरच्या मुलाचा सदरा वर करून, घड्याळाकडे आणि छातीकडे आळीपाळीनं बघत श्वास मोजत असते. तिला काय म्हणायचं, की काहीच म्हणायचं नाही?

न्यूमोनियाचा संशय असला की मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो जलद श्वास ठरतो आणि उपचाराची दिशा बदलते. मूल शांत असेल तरच ही मोजणी खरी धरतात. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजण्यात अर्थ नसतो.

समजा, दोन वर्षांच्या मुलाचे ४५ सेकंदांत ३१ श्वास झाले आहेत. तेवढ्यात मागून खणखणीत ‘गुड मॉर्निंग’ येतं. सिस्टर तोंडानं काही बोलत नाही, नुसती मान हलवते. पण मनातला आकडा घसरतो. एकतीस होता की अठ्ठावीस? ती अठ्ठावीस धरून पुढे मोजते. उरलेल्या पंधरा सेकंदांत आणखी १० श्वास होतात आणि कागदावर ३८ लिहिले जातात. खरा आकडा ४१ होता. तीन श्वासांच्या फरकानं ते मूल निकषाच्या अलीकडे राहिलं. अनुभवी सिस्टर असं करणार नाही, ती मोजणी नव्यानं सुरू करेल. पण त्या आवाजानं मूल दचकून रडायला लागलं असेल, तर ते शांत होईपर्यंत तिला थांबावं लागेल, आणि समोर आणखी वीस खाटा आहेत.

एवढ्याशा अभिवादनानं इतकं का बिघडावं? आपण आकडा लक्षात ठेवतो तो मनातल्या मनात उच्चारून. कानावर पडलेलं बोलणं त्याच जागी शिरतं; त्याला आत घ्यायचं की नाही, हे आपल्या हातात नसतं. ॲलन बॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत दिसलं, की ज्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायला सांगितलं होतं, त्यानंही डोळ्यांपुढचे आकडे लक्षात ठेवणं बिघडत होतं. डोळे मिटता येतात, दुसरीकडे वळवता येतात. कानांना ती सोय नाही. मान झुकवून केलेल्या नमस्काराचं बळ इथेच आहे. समोरच्याची नजर वर असली तरच तो पोचतो, आणि नजर वर नसेल तर काहीही न बिघडवता विरून जातो.

व्यत्यय अगदी छोटा असला तरी पुरतो. ओळीनं पायऱ्या करत जाण्याच्या कामावर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात (२०१४) सरासरी २.८ सेकंदांच्या व्यत्ययानंतर पायरी चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं आणि ४.४ सेकंदांच्या व्यत्ययानंतर तिप्पट. ‘गुड मॉर्निंग, कशा आहात?’ आणि त्याचं उत्तर, एवढ्याला तेवढाच वेळ लागतो. सिडनीच्या दोन रुग्णालयांत परिचारिकांचं औषध देणं निरीक्षकांनी उभं राहून पाहिलं. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक वेळा औषध देताना व्यत्यय आला होता, आणि जितके व्यत्यय जास्त तितक्या चुका जास्त, असं त्यात आढळलं.

म्हणून बोलायच्या आधी बघायला शिकलं पाहिजे. सिस्टरचे ओठ किंचित हलत असतील, बोट केसपेपरवरच्या ओळीवर टेकलेलं असेल, सिरिंज डोळ्यांच्या पातळीला धरलेली असेल, किंवा नजर घड्याळावर असेल, तर तिच्या मनात या क्षणी एक आकडा आहे. तेव्हा बोलायचं नाही. हात रिकामे झाले, सिरिंज ट्रेमध्ये ठेवली गेली, केसपेपरवर सही झाली, की काम एका टप्प्यावर येतं. तिथे ‘गुड मॉर्निंग’ खुशाल म्हणावं. एका औषधाचं मोजमाप संपून दुसरं हातात घेण्याआधीची ही फट काही सेकंदांचीच असते, पण ती वारंवार येते.

मान हलवण्यातही एक खुबी आहे, आणि चूक बहुधा इथेच होते. नजरानजर झाली की हलकं हसायचं, मान थोडी झुकवायची आणि लगेच नजर काढून चालू लागायचं. नजर रेंगाळली किंवा पाय थांबले, की समोरच्याला वाटतं यांना काहीतरी सांगायचं आहे, आणि ती काम सोडून ‘काय झालं?’ विचारते. नजर काढून घेण्यातूनच तिला कळतं, की माझं तुमच्याकडे काही काम नाही. तिनं वर पाहिलंच नाही, तर खांद्याशी वाट बघत उभं राहू नये. न बोलता उभं राहणं हीसुद्धा मागणीच असते. मास्क असेल तर हसू दिसत नाही. तेव्हा मान स्पष्ट झुकवावी किंवा हात छातीशी न्यावा.

याला अपवाद आहे आणि तो पक्का लक्षात ठेवायला हवा. शेजारच्या खाटेवरचं मूल निळं पडत असेल, किंवा सिस्टरच्या हातातलं औषध चुकीच्या मुलासाठी आहे असं दिसलं, तर क्षणाचाही संकोच नको. मात्र तेव्हाही सुरुवात नमस्कारानं करू नये. ‘सिस्टर, सहा नंबर, श्वास बघा’ इतकं नेमकं बोलावं.

काही रुग्णालयांनी औषध देणाऱ्या परिचारिकेला ‘व्यत्यय आणू नका’ असं लिहिलेलं जाकीट घालून पाहिलं. सिडनीतल्या तशा एका चाचणीत व्यत्यय घटले, पण जाकीट गरम होतं, अवजड वाटतं, अशी तक्रार परिचारिकांनीच केली आणि ते कायम वापरायला निम्म्याहून कमी जणी तयार झाल्या. आपल्या उन्हाळ्यात, पंखा धड न फिरणाऱ्या वॉर्डात ते टिकेल असं मला वाटत नाही.

आपली खरी अडचण मानापमानाची आहे. नव्या इंटर्नला भीती असते, की नुसती मान हलवली तर सिस्टर मनात धरतील. आणि वयानं मोठ्या सिस्टरला कुणी न बोलता गेलं, तर कधी कधी ते लागतंही. ही भीती एकट्या इंटर्नला घालवता येणार नाही, वरच्यांनीच ती घालवली पाहिजे. प्रत्येक वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना माझी विनंती आहे: नवीन माणूस रुजू होईल त्या दिवशीच त्याला सांगा, की औषधांच्या ट्रॉलीशी किंवा मोजणी चालू असताना कुणी नुसती मान हलवून गेलं तर आमच्या वॉर्डात तो पूर्ण नमस्कार समजला जातो. आणि राउंड आटोपल्यावर, चहाच्या वेळी, त्या माणसाला तुम्ही स्वतः आधी हाक मारा.